आई-बाबांची आरोग्य विमा पॉलिसी पोर्ट करताना वेटिंग पिरियडचं क्रेडिट लेखी कसं मिळवायचं?

सायली_नाशिक | ५ जानेवारी

बाबा ६४, आई ६०. दोघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे. बाबा मार्च २०२० पासून एकही खंड न पडता आहेत. आईचं नाव मार्च २०२४ च्या रिन्युअलला घातलं. बाबांना बीपी आणि शुगर, आईला थायरॉइड, आणि हे सगळं जुन्या कंपनीला आधीच कळवलेलं आहे. एकही क्लेम नाही, त्यामुळे नो क्लेम बोनस साठून एकूण ७.५ लाख झालेत. पॉलिसी १४ मार्चला रिन्यू होते.

जुन्या कंपनीची सेवा फार खालावली आहे. आमच्या भागातली दोन चांगली हॉस्पिटलं तिच्या कॅशलेस यादीतून गेली. म्हणून दुसऱ्या कंपनीची १० लाखांची पॉलिसी घ्यायचा विचार आहे. तिथे आधीच्या आजारांना ३६ महिने आणि मोतीबिंदू, गुडघे, हर्निया वगैरे यादीतल्या आजारांना २४ महिने वेटिंग आहे. एजंट म्हणतो, "मॅडम, पोर्ट आहे, वेटिंग शून्य, काळजी करू नका." हे तो फोनवर सांगतो, लिहून देत नाही. नेमकं किती क्रेडिट मिळतं आणि ते मिळालंय हे मी कुठे बघायचं?

प्रसन्न_७ | ५ जानेवारी

निर्धास्त करा. २०११ पासून पोर्टेबिलिटी हा ग्राहकाचा हक्क आहे, मोबाइल नंबरसारखा. नवीन कंपनीला नाही म्हणता येत नाही. आणि २०२४ च्या परिपत्रकानंतर ती ४५ दिवसांची अटही उडाली, आता शेवटच्या आठवड्यातसुद्धा होतं.

मिलिंद_सांगली | ५ जानेवारी

प्रसन्न, अर्ज करण्याचा हक्क आहे. स्वीकारायचं की नाही हे नवीन कंपनी ठरवते. ती तपासण्या मागू शकते, हप्ता वाढवून मागू शकते, सरळ नकारही देऊ शकते. मात्र पोर्ट म्हणून एकदा स्वीकारलं की क्रेडिट द्यायचं की नाही, हा पर्याय तिच्याकडे उरत नाही. सिमकार्डात आणि यात फरक आहे तो इथे.

मुदतींचा घोळ बऱ्याच जणांचा होतो. २०२४ च्या परिपत्रकात ७२ तास आणि ५ दिवस आहेत ते कंपन्यांसाठी. जुन्या कंपनीने तुमचा इतिहास इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या पोर्टलवर ७२ तासांत द्यायचा आणि तो मिळाल्यापासून ५ दिवसांत नवीन कंपनीने निर्णय कळवायचा. ग्राहकासाठी पॉलिसीच्या छापील अटींत अजून रिन्युअलच्या आधी ६० ते ४५ दिवस हेच लिहिलेलं असतं. काही कंपन्या उशिरा आलेला अर्ज घेतात, पण ती त्यांची मर्जी. सायली, १४ मार्च धरलं तर तुमची खिडकी १३ ते २८ जानेवारी. त्यात अर्ज गेला पाहिजे.

क्रेडिटचा हिशोब रात्री सविस्तर लिहितो. मी एका विमा कंपनीच्या अंडररायटिंग विभागात बरीच वर्षं होतो, या फायली हाताखालून गेल्या आहेत.

गौरी_डोंबिवली | ५ जानेवारी

माझाही हाच प्रश्न आहे. मी एप्रिलमध्ये नोकरी सोडतेय. कंपनीची ग्रुप पॉलिसी सहा वर्षं आहे. ती मी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करू शकते ना?

मिलिंद_सांगली | ५ जानेवारी

गौरी, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ग्रुपमधून आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचं, त्याला मायग्रेशन म्हणतात. तिथून पुढे दुसरीकडे पोर्ट. नोकरीचा शेवटचा दिवस उलटायच्या आत एचआरकडून विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि तुम्ही कधीपासून कव्हरमध्ये आहात याचं पत्र घेऊन ठेवा. बाहेर पडल्यावर ते पत्र मिळवणं जिकिरीचं होतं.

अविनाश_सोलापूर | ५ जानेवारी

माझं मत वेगळं आहे. साठीनंतर पोर्ट करूच नये. बाबांची सहा वर्षं झालीत, सगळी वेटिंग संपली, मोरेटोरियमची, म्हणजे ज्यानंतर माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही ती ६० महिन्यांची मुदतही संपली. सोन्यासारखी पॉलिसी आहे. आहे ती ठेवा आणि वर सुपर टॉप-अप घ्या. हप्तावाढीची भीती असेल तर जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागते. आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला. मग पळायची घाई कशाला?

सायली_नाशिक | ५ जानेवारी

अविनाशदादा, हप्त्यापेक्षा हॉस्पिटलचा प्रश्न मोठा आहे. बाबांना रात्री-अपरात्री काही झालं तर जवळचं हॉस्पिटल कॅशलेसमध्ये हवं. डिपॉझिट भरून नंतर बिलं पाठवत बसणं आईला झेपणार नाही, आणि मी पुण्यात असते.

मिलिंद_सांगली | ६ जानेवारी

आता हिशोब. क्रेडिट माणसागणिक आणि रकमेगणिक मिळतं. "पॉलिसी सहा वर्षं जुनी" असं सरसकट धरलं की गणित चुकतं.

बाबा आधी घेऊ. मार्च २०२६ ला त्यांची सहा वर्षं पूर्ण. बीपी-शुगरचे ३६ महिने आणि यादीतल्या आजारांचे २४ महिने दोन्ही कधीच संपले. पण हे संपलेपण लागू होतं ते जुन्या रकमेला, म्हणजे ५ लाख अधिक साठलेला बोनस २.५ लाख, एकूण ७.५ लाखांना. तुम्ही घेताय १० लाख. वरच्या २.५ लाखांसाठी बाबा नवे ग्राहक, त्या तुकड्याला सगळी वेटिंग पहिल्यापासून.

समजा पुढच्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि बिल ४ लाख आलं. पूर्ण क्लेम मिळायला हवा. बिल ९ लाख आलं तर कंपनी बीपी-शुगरशी संबंध जोडून ७.५ लाखांवर थांबेल, वरचे दीड लाख तुमचे. उद्या डेंग्यू झाला तर मात्र पहिले ३० दिवस उलटल्यावर पूर्ण १० लाख उपलब्ध, कारण त्याचा आधीच्या आजारांशी संबंध नाही.

आईचं वेगळं. मार्च २०२४ ते मार्च २०२६ म्हणजे २४ महिने. यादीतल्या आजारांचं वेटिंग नवीन कंपनीत २४ असेल तर तेही पूर्ण. थायरॉइडला ३६ पैकी २४ झाले, उरले १२. म्हणजे एजंटचं "वेटिंग शून्य" बाबांच्या ७.५ लाखांपुरतं खरं आहे आणि आईच्या बाबतीत खोटं.

जुन्यापेक्षा नव्या पॉलिसीत एखादं वेटिंग लांब असेल तर तो फरकही भोगावा लागतो. उदाहरणार्थ, जुनीकडे गुडघ्याला २४ आणि नवीकडे ३६ असेल, तर आईला गुडघ्यासाठी आणखी वर्षभर थांबावं लागेल. म्हणून दोन्ही पॉलिसींच्या अटी शेजारी ठेवून वाचा. यादीत आजारांची नावं सारखी दिसतात, महिने वेगळे असतात.

मृणाल | ६ जानेवारी

बोनसबद्दल शंका. आई २०२४ ला आली, पण बोनस बाबांच्या आधीच्या वर्षांचाही आहे. मग आईला क्रेडिट ७.५ वर की ५ वर?

मिलिंद_सांगली | ६ जानेवारी

चांगला प्रश्न, आणि यावर कंपन्या एकसारख्या वागत नाहीत. फ्लोटरमध्ये रक्कम सगळ्यांची सामाईक असते, म्हणून ७.५ मागावं असं माझं मत. काही कंपन्या सदस्य आत आला तेव्हाची रक्कम धरतात. म्हणूनच दोघांचा आकडा स्वतंत्रपणे लेखी मागा.

हेमंत_के | ६ जानेवारी

आणि बोनस म्हणजे मूळ बोनस. वेगळे पैसे भरून घेतलेला सुपर बोनस किंवा रक्कम संपल्यावर पुन्हा भरून मिळते तो रिस्टोअर, हे क्रेडिटमध्ये धरत नाहीत.

मिलिंद_सांगली | ६ जानेवारी

रिस्टोअर नाही धरत, बरोबर. सुपर बोनसवर वाद आहे. तो पॉलिसीच्या पहिल्या पानावर बोनस म्हणूनच छापला असेल तर भांडायला जागा आहे, आणि मी तरी भांडलो असतो.

नंदू_कोल्हापूर | ७ जानेवारी

आमचं झालेलं सांगतो, कुणाला उपयोग झाला तर.

वडिलांची पॉलिसी चार वर्षं एका कंपनीत होती. एजंटने दुसरीकडे पोर्ट करून देतो म्हणून फॉर्म भरून घेतला, आम्ही जुन्या पॉलिसीच्या प्रती दिल्या, हप्ता भरला. नवीन पॉलिसी आली, कपाटात गेली. आठ महिन्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, कॅशलेस मागितलं, टीपीएकडून उत्तर आलं: पहिल्या २४ महिन्यांत मोतीबिंदू वगळलेला आहे. आम्ही म्हटलं, अहो पोर्ट आहे. तेव्हा पॉलिसी काढून नीट बघितली. डेट ऑफ फर्स्ट इन्सेप्शनच्या रकान्यात नवीन पॉलिसीचीच तारीख. मागच्या पॉलिसीचा तपशील रिकामा. एजंटने पोर्टेबिलिटी फॉर्म दिलाच नव्हता, साधा प्रपोजल फॉर्म भरून नवी पॉलिसी काढली होती. रिन्युअल जवळ आलं होतं, पोर्टला वेळ लागला असता, म्हणून.

ऑपरेशनचे पैसे खिशातून गेले. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून उत्तर आलं की पोर्टलवर आमच्या नावाची विनंतीच नाही. आता विमा लोकपालाकडे तक्रार केली आहे, सुनावणी व्हायची आहे. आमच्या बाजूने कागद एकच: एजंटला जुन्या पॉलिसी पाठवल्याचे व्हॉट्सअॅप मेसेज.

रेवा_गोवा | ७ जानेवारी

बापरे. चार वर्षं गेली की हो.

मिलिंद_सांगली | ७ जानेवारी

नंदू, ते मेसेज तारखेसकट छापून जोडा, आणि एजंटचा कोड पॉलिसीवर असतो तो तक्रारीत लिहा. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही, पण तो कंपनीचा अधिकृत एजंट होता हा मुद्दा सोडू नका.

सायली, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नंदूंच्या पोस्टमध्येच आहे. नवीन पॉलिसीच्या शेड्यूलवर प्रत्येक सदस्याच्या नावासमोर त्याची पहिली प्रवेश तारीख हवी. बाबांसमोर मार्च २०२०, आईसमोर मार्च २०२४. मागच्या कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर हवा. किती रकमेला सातत्य दिलं आहे तो आकडा हवा. यातलं काही दिसलं नाही तर त्याच दिवशी मेल करा.

त्याच दिवशी का, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री-लूक असतो, पटली नाही तर परत करता येते. पण जुन्या पॉलिसीचा वाढीव कालावधीही ३० दिवसांचा, आणि तो जुन्या पॉलिसीच्या शेवटच्या तारखेपासून मोजतात. नवीन कागद यायला पंधरा दिवस लागले तर फ्री-लूक शिल्लक असेल, पण जुनीकडे परत जायला अर्धेच दिवस उरलेले असतील. वार्षिक हप्ता असेल तर त्या मधल्या काळात झालेल्या आजाराला जुनी कंपनी पैसे देत नाही, हेही लक्षात ठेवा.

प्रसन्न_७ | ७ जानेवारी

पण कंपनीने मुदतीत उत्तर दिलं नाही तर आपोआप स्वीकारलं असं धरतात ना? १५ दिवसांचा नियम होता.

मिलिंद_सांगली | ७ जानेवारी

२०१६ च्या नियमांत तसं होतं खरं. पण त्याच्या भरवशावर जुनी पॉलिसी सोडू नका. मार्चचा पहिला आठवडा उजाडला आणि हातात लेखी होकार नसेल तर जुनीच रिन्यू करा. एक वर्ष गेलं तरी क्रेडिट शाबूत राहतं, उलट आईचे १२ महिने तेवढ्यात भरतात.

अविनाश_सोलापूर | ७ जानेवारी

म्हणजे शेवटी माझंच म्हणणं, हा धागा वर्षभर उघडा ठेवा 😀

मिलिंद_सांगली | ७ जानेवारी

दादा, तुमच्या सुपर टॉप-अपलाही पहिल्यापासून वेटिंग असतं. पोर्टमधल्या वरच्या २.५ लाखांचं जे, तेच त्याचं. तुमचा मार्ग चुकीचा नाही, फक्त हॉस्पिटलचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण पहिले ५ लाख जुन्याच कंपनीकडून यायचे.

सुनेत्रा_म | ८ जानेवारी

माझी बाब थोडी वेगळी. पॉलिसी २०२१ ची, शुगर निघाली २०२३ मध्ये. जुन्या कंपनीला सांगायची गरज पडली नाही, कारण पॉलिसी घेतल्यानंतरचा आजार. पोर्टच्या फॉर्ममध्ये लिहू की नको? एजंट म्हणतो लिहू नका, नाकारतील.

मिलिंद_सांगली | ८ जानेवारी

लिहा. नवीन कंपनी त्याला आधीचा आजार म्हणेल, म्हणू दे. तुमचं क्रेडिट २०२१ पासून आहे, ३६ महिने उलटलेत, म्हणून जुन्या रकमेपुरतं त्याचं वेटिंग लागत नाही. लिहिल्यावर धोका एवढाच की हप्ता वाढवतील किंवा नाकारतील, आणि नाकारलं तर जुनी पॉलिसी आहेच. ती रिन्यू करायला जुन्या कंपनीला शुगरचं कारण देऊन नकार देता येत नाही. न लिहिता गेलात आणि क्लेमच्या वेळी जुनी एचबीएवनसी सापडली तर लपवल्याचा ठपका येतो. मोरेटोरियमचे ६० महिने जुन्या पॉलिसीपासून धरतात, तरी सिद्ध झालेली फसवणूक त्यातून सुटत नाही.

सुनेत्रा_म | ८ जानेवारी

कळलं. लिहिते.

रेवा_गोवा | ९ जानेवारी

बाळंतपणाचं वेटिंगही असंच पुढे जातं का? माझ्या बहिणीला सांगितलं की पोर्टमध्ये ते पुन्हा सुरू होतं.

हेमंत_के | ९ जानेवारी

आम्हाला मिळालं होतं, पण जुन्या पॉलिसीत बाळंतपणाचं कव्हर होतं म्हणून. जुनीत नसेलच तर पुढे काय नेणार?

मृणाल | ९ जानेवारी

आमच्याकडे जुनीत असूनही नाही दिलं. वाढीव कव्हर आहे म्हणाले. आम्ही पुढे भांडलो नाही.

सायली_नाशिक | ३१ जानेवारी

अपडेट. १५ जानेवारीला अर्ज गेला. पोर्टेबिलिटी फॉर्म मी स्वतः भरला, एजंटला फक्त पोचवायला सांगितलं. सोबत २०२० पासूनच्या सगळ्या पॉलिसींचं पहिलं पान आणि शेवटची रिन्युअल नोटीस. मिलिंदकाकांच्या सांगण्यावरून कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर मेलही केला. मजकूर देते, कुणाला हवा असेल तर:

"सदर अर्ज पोर्टेबिलिटीअंतर्गत आहे, नवीन पॉलिसीसाठी नाही. स्वीकारल्यास प्रत्येक सदस्यासाठी पुढील बाबी लेखी कळवाव्यात: पहिल्या प्रवेशाची तारीख, किती रकमेला सातत्य लागू, आधीच्या आजारांचे व यादीतील आजारांचे उरलेले महिने, वाढीव रकमेला लागू वेटिंग. हे उत्तर मिळाल्यावरच हप्ता भरला जाईल."

बाबांची ईसीजी, एचबीएवनसी, क्रिएटिनिन तपासणी झाली. होकार आला, पण बाबांच्या हप्त्यावर २० टक्के लोडिंग, म्हणजे वाढ. बाबांचं सातत्य ७.५ लाखांना मान्य. आईच्या बाबतीत ५ लाख लिहिलंय, थायरॉइडचे उरलेले १२ महिने. मृणालताईंची शंका खरी ठरली.

लोडिंग घ्यावं का?

अविनाश_सोलापूर | ३१ जानेवारी

आता तरी ऐका. २० टक्के दर वर्षी.

मिलिंद_सांगली | ३१ जानेवारी

लोडिंगला तुमची लेखी संमती लागते, नको असेल तर नाही म्हणा आणि जुनी रिन्यू करा. माझ्या दृष्टीने ६४ व्या वर्षी बीपी-शुगर दोन्ही असताना होकार येणं हेच अवघड होतं. जवळचं हॉस्पिटल कॅशलेसमध्ये असणं तुम्हाला वर्षाला तेवढ्या पैशांचं वाटतं का, हे तुम्हीच ठरवा. आईच्या ५ लाखांवर एक मेल टाकून बघा: दोन रिन्युअलला तिच्यासकट फ्लोटरचा बोनस छापलेला आहे, त्या दोन्ही पॉलिसींची पानं जोडा.

सायली_नाशिक | २२ मार्च

घेतली. बाबा म्हणाले, पैसे जाऊ देत, रात्री रिक्षाने पोचता येईल असं हॉस्पिटल हवं.

परवा पॉलिसी आली. शेड्यूल उघडून आधी तारखाच बघितल्या. बाबांसमोर १४ मार्च २०२०, बरोबर. आईसमोर १४ मार्च २०२६! मेलमध्ये २०२४ मान्य करून छापताना ही तारीख. त्याच दिवशी त्यांचाच मेल जोडून दुरुस्ती मागितली. "एंडॉर्समेंट पाठवतो" असं उत्तर आलंय, कागद अजून नाही. ५ की ७.५ याचं उत्तरही नाही.

मिलिंद_सांगली | २२ मार्च

जुन्याचा वाढीव कालावधी साधारण १२ एप्रिलपर्यंत चालेल. मेलमध्ये ५ एप्रिल ही तारीख घालून एंडॉर्समेंट मागा, तक्रार अधिकाऱ्याला सीसी करा. तोवर आला नाही तर बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि इथे कळवा, पुढचा मसुदा मी लिहून देतो.

नंदू_कोल्हापूर | २२ मार्च

ताई, त्यांचा होकाराचा मेल मूळ स्वरूपात डाउनलोड करून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नको. लोकपालाच्या कार्यालयाने आमच्याकडे तेच मागितलं. आमची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.